बिंदूंपेक्षा एक कड कमी

गणितातला ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या कडा. शाळेत चौकटीच्या कागदावर क्ष आणि य अक्ष आखून काढतात तो ग्राफ वेगळा. इथे अंतराला, दिशेला किंवा आकाराला काही अर्थ नाही. कोणता बिंदू कोणाला जोडलेला आहे एवढेच पाहायचे. कड सरळ काढली काय किंवा वाकडी काढली काय, ग्राफ तोच राहतो. कोणत्याही बिंदूपासून निघून कडांवरून चालत दुसऱ्या कोणत्याही बिंदूपर्यंत पोहोचता येत असेल, तर ग्राफ जोडलेला आहे असे म्हणतात. एका बिंदूपासून निघावे, एकही कड दुसऱ्यांदा वापरू नये, वाटेतला एकही बिंदू दुसऱ्यांदा लागू नये आणि तरीही निघालो तिथेच परत यावे, अशी फेरी मारता आली तर तिला चक्र म्हणतात. जोडलेला असून ज्यात एकही चक्र नाही, असा ग्राफ म्हणजे वृक्ष. ब्रिटिश गणिती आर्थर केली यांनी १८५७ सालच्या आपल्या निबंधात हे नाव वापरले आणि ते रूढ झाले.

या व्याख्येत एक अडचण आहे. ‘चक्र नाही’ हे कसे ठरवायचे? आहे म्हणायला एक दाखवले की पुरते; नाही म्हणायला मात्र सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात, आणि मोठ्या ग्राफमध्ये त्या मोजण्यापलीकडे जातात. इथे एक साधे प्रमेय मदतीला येते. ग्राफ जोडलेला असेल, त्यात n बिंदू असतील आणि कडा बरोबर n − 1 असतील, तर तो वृक्षच असतो. चक्र शोधायची गरजच उरत नाही. कडा कुठे कुठे आहेत हे या संख्येतून मुळीच कळत नाही, तरीही सगळ्या ग्राफभर कुठेच चक्र नाही याची हमी तीच संख्या देते. हे कसे घडते, हेच या विषयाचे मर्म आहे.

ग्राफ एकदम समोर न ठेवता एकेक कड टाकत उभा केला की हे मर्म उघड होते. सुरुवातीला नुसते n बिंदू घ्यावेत, कड एकही नाही. प्रत्येक बिंदू आपापला एकटा, म्हणून ग्राफचे n तुकडे आहेत. तुकडा म्हणजे आपसांत जोडलेल्या बिंदूंचा पूर्ण गट. आता कोणत्याही क्रमाने कडा टाकत जायचे. नव्या कडेच्या बाबतीत दोनच गोष्टी होऊ शकतात. तिची दोन टोके वेगवेगळ्या तुकड्यांत असली, तर ते दोन तुकडे एक होतात आणि तुकड्यांची संख्या नेमकी एकाने घटते. टोके एकाच तुकड्यात असली, तर तुकड्यांची संख्या तशीच राहते. त्या टोकांमध्ये आधीपासूनच एक मार्ग होता, त्यात या कडेची भर पडली की चक्र पुरे होते. या दुसऱ्या जातीच्या कडेला इथे जादा कड म्हणू.

उदाहरण म्हणून १ ते ६ असे सहा बिंदू घेऊ आणि १–२, २–३, ३–४, २–५, ५–६ या पाच कडा त्याच क्रमाने टाकू. सुरुवातीला तुकडे ६. १–२ टाकल्यावर ५ झाले, २–३ टाकल्यावर ४. ३–४ ने चौथा बिंदू ओढून घेतला, तुकडे ३. २–५ ने २ झाले आणि ५–६ ने १. पाचही कडांनी तुकडे जोडायचेच काम केले, जादा एकही निघाली नाही. आता सहावी कड ४–५ टाकून पाहावी. ४ आणि ५ आधीच ४–३–२–५ या मार्गाने जोडलेले आहेत, त्यामुळे तुकडा एकच राहतो आणि २, ३, ४, ५ या चार बिंदूंचे चक्र तयार होते.

यातून एक हिशेब निघतो, आणि पुढचे जवळजवळ सगळे त्याच्यावर उभे आहे:

तुकडे = बिंदू − कडा + जादा कडा

जादा नसलेली प्रत्येक कड तुकड्यांतून एक वजा करते आणि जादा कड काहीच वजा करत नाही, एवढेच हे समीकरण सांगते. कडा टाकण्याचा क्रम बदलला तर कोणती कड जादा ठरेल हे बदलू शकते. वरच्या उदाहरणात ४–५ आधी टाकली आणि २–३ सर्वांत शेवटी ठेवली, तर जादा २–३ ठरते. जादा कडांची संख्या मात्र बदलत नाही, कारण समीकरणातल्या बाकीच्या तिन्ही संख्या क्रमावर अवलंबून नाहीत. ही संख्या म्हणजे ग्राफचाच गुणधर्म होय.

आणखी एक गोष्ट पक्की करायला हवी: ग्राफमध्ये चक्र असणे आणि निदान एक कड जादा असणे, ही एकच बाब आहे. जादा कड चक्र पुरे करते हे वर आलेच. उलट बाजूने, ग्राफमध्ये एखादे चक्र असेल, तर त्याच्या कडांपैकी सर्वांत शेवटी टाकलेली कड पाहावी. ती टाकण्याच्या वेळी चक्राच्या बाकीच्या सगळ्या कडा जागेवर होत्या, म्हणून तिची दोन्ही टोके एकाच तुकड्यात होती. म्हणजे ती कड जादाच होती. तेव्हा चक्र नाही याचा अर्थ जादा कडा शून्य.

आता प्रमेयाची सिद्धता दोन ओळींची राहते. ग्राफ जोडलेला आहे, म्हणजे तुकडा एक. कडा n − 1 आहेत. समीकरणात घातले की 1 = n − (n − 1) + जादा, म्हणजे 1 = 1 + जादा, म्हणून जादा कडा शून्य. चक्र नाही, ग्राफ जोडलेला आहे, म्हणून तो वृक्ष आहे. n तुकडे एकावर आणायला कमीत कमी n − 1 कडा लागतातच, आणि इथे तेवढ्याच आहेत. त्यांतली एकही जादा गेली असती, तर ग्राफ जोडला गेलाच नसता.

याच समीकरणातून आणखी दोन निष्कर्ष निघतात. ग्राफ वृक्ष असेल, तर तुकडा एक आणि जादा शून्य, म्हणून कडा n − 1 असायलाच हव्यात. आणि ग्राफमध्ये चक्र नसून कडा n − 1 असतील, तर तुकडे n − (n − 1) + 0, म्हणजे एक. ग्राफ आपोआप जोडलेला निघतो. जोडलेला असणे, चक्र नसणे आणि कडा n − 1 असणे या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी खऱ्या असल्या, की तिसरी त्यांच्यामागून येते.

दोन मात्र हव्यातच, एकीवर भागत नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत सर्वांत जास्त चूक इथेच होते: कडा मोजल्या, n − 1 भरल्या आणि वृक्ष म्हणून मोकळे. त्याच सहा बिंदूंवर १–२, २–३, ३–१, ४–५, ५–६ अशा पाच कडा घ्याव्यात. संख्या बरोबर आहे, पण १, २, ३ यांचा त्रिकोण म्हणजे चक्र आहे आणि ४, ५, ६ वेगळे पडले आहेत. हिशेब इथेही जुळतो: 6 − 5 + 1 = 2 तुकडे. एक कड त्रिकोणात जादा खर्ची पडली आणि जोडायला तेवढीच कमी पडली. n − 1 कडा असलेला ग्राफ बिघडलेला असेल, तर तो नेहमी असा दोन्ही बाजूंनी बिघडलेला असतो. त्यात चक्र असते आणि तो तुटलेलाही असतो. म्हणून प्रत्यक्ष तपासताना आधी कडा मोजाव्यात. n − 1 नसतील तर पुढे जायचे कारणच नाही. असतील तर कोणत्याही एका बिंदूपासून निघून सगळे बिंदू गाठता येतात का एवढे पाहिले की निकाल लागतो.

पाठ्यपुस्तकांत बहुधा दुसरी सिद्धता दिलेली असते, आणि तीही देखणी आहे. प्रत्येक बिंदूला किती कडा लागल्या आहेत ते मोजून सगळ्या बिंदूंची बेरीज केली, तर प्रत्येक कड दोनदा मोजली जाते, कारण तिला दोन टोके असतात. n − 1 कडांसाठी बेरीज 2n − 2 येते. n बिंदूंपैकी प्रत्येकाला निदान दोन कडा असत्या, तर बेरीज 2n किंवा जास्त आली असती. म्हणून (बिंदू एकाहून जास्त असतील तर) एखाद्या बिंदूला दोनपेक्षा कमी कडा आहेत. ग्राफ जोडलेला असल्यामुळे शून्य असू शकत नाहीत, म्हणजे नेमकी एक आहे. अशा बिंदूला पान म्हणतात. पान आणि त्याची कड काढून टाकली, तर उरलेल्या बिंदूंचा परस्परसंबंध तुटत नाही, कारण दुसऱ्या दोन बिंदूंमधला मार्ग पानातून जाऊच शकत नाही. पानात शिरले की बाहेर पडायला दुसरी कड नसते. उरतो तो n − 1 बिंदूंचा, n − 2 कडांचा, जोडलेला ग्राफ. म्हणजे पुन्हा तीच परिस्थिती, फक्त एक बिंदू कमी. असे पान काढत गेले, की शेवटी एक बिंदू आणि शून्य कडा उरतात, आणि तिथे चक्र नाही हे उघड आहे. काढलेले एकही पान कोणत्याही चक्रात नव्हते, कारण चक्रातल्या बिंदूला दोन कडा लागतात. म्हणून मूळ ग्राफमध्येही चक्र नव्हते.

या सिद्धतेची दिशा उलटी फिरवायचा मोह अनेकांना होतो. छोट्या वृक्षापासून सुरुवात करायची, त्याला एक बिंदू आणि एक कड जोडायची, नवा ग्राफही वृक्ष आहे असे दाखवायचे आणि सिद्धता झाली असे मानायचे. हे विधान खरे आहे, पण सिद्ध करायचे ते हे नव्हे. अशा रीतीने वाढवलेले ग्राफ वृक्ष असतात एवढेच त्यातून कळते. N − 1 कडांचा प्रत्येक जोडलेला ग्राफ अशाच वाढीतून मिळतो, हे मात्र सिद्ध व्हायचे राहते. त्यासाठी मोठा ग्राफ हातात घेऊन त्यात पान आहे हे दाखवावेच लागते, आणि सिद्धतेचे खरे वजन त्या पायरीवर आहे.

वृक्ष ओळखायच्या उरलेल्या खुणांना संख्येची गरज लागत नाही. पहिली खूण अशी, की कोणत्याही दोन बिंदूंमध्ये नेमका एकच मार्ग असतो. (मार्गात कोणताही बिंदू दोनदा येत नाही असे धरले आहे.) ग्राफ जोडलेला असेल तर निदान एक मार्ग आहेच. दोन वेगळे मार्ग असले तर चक्र सापडते, पण ते कसे, हे जपून सांगायला हवे. दोन मार्ग सरळ एकमेकांना जोडले की चक्र होते असे पुष्कळदा लिहिले जाते, आणि ते चूक आहे, कारण दोन्ही मार्ग वाटेत काही भाग सामाईक वापरत असू शकतात. नीट करायचे तर दोन्ही मार्गांवरून सुरुवातीपासून सोबत चालावे. ज्या बिंदूपाशी ते पहिल्यांदा फुटतात तिथे थांबावे. तिथून दुसऱ्या मार्गाने पुढे जावे आणि पहिल्या मार्गावरचा जो बिंदू सर्वांत आधी लागेल तो धरावा. फुटल्याचा बिंदू आणि हा भेटीचा बिंदू यांच्यामधले दोन्ही मार्गांचे तुकडे टोके सोडून कुठेच एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून त्यांचे मिळून चक्र होते. उलट दिशेने काम सोपे आहे. चक्र असेल, तर त्यावरच्या दोन बिंदूंमध्ये दोन्ही बाजूंनी जाता येते, म्हणजे मार्ग दोन झाले.

दुसरी खूण काटकसरीची: ग्राफ जोडलेला आहे, पण कोणतीही एक कड काढली तरी तुटतो. वृक्षाच्या n − 1 कडांतून एक गेली तर n − 2 उरतात, आणि वरच्या समीकरणानुसार तुकडे निदान दोन होतात. जोडलेल्या ग्राफमध्ये चक्र असते, तर त्यातली एखादी कड काढूनही तो जोडलेलाच राहिला असता, कारण त्या कडेवरून जाणाऱ्याला चक्राच्या उरलेल्या भागावरून वळसा घालून जाता येते. तिसरी खूण हिच्या उलट टोकाची. ग्राफमध्ये चक्र नाही, पण न जोडलेल्या कोणत्याही दोन बिंदूंमध्ये नवी कड टाकली की चक्र तयार होते. वृक्षात त्या दोन बिंदूंमध्ये एकच मार्ग असतो, म्हणून नव्या कडेने नेमके एक चक्र होते. आणि ग्राफ तुटलेला असता, तर दोन वेगळ्या तुकड्यांना जोडणाऱ्या कडेने चक्र झालेच नसते. जोडलेल्या ग्राफांमध्ये वृक्षाला कडा सर्वांत कमी आणि चक्ररहित ग्राफांमध्ये सर्वांत जास्त, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि त्या दोन टोकांच्या भेटीचा आकडा n − 1.

हे सगळे बिंदूंची संख्या मर्यादित असेल तेव्हाचे. अनंत बिंदू असले तर ‘एक कमी’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही. मोजणीच्या खुणा गळून पडतात, मार्गाची आणि काटकसरीची खूण मात्र टिकून राहते. एकाच जोडीत दोन कडा चालतात असे धरले, तर त्या दोन कडांचे मिळून दोन बिंदूंचे चक्र मानायचे. मग सगळी विधाने जशीच्या तशी लागू पडतात, आणि या सवलतीची गरज खाली पडणारच आहे.

जादा कडांची संख्या, म्हणजे जोडलेल्या ग्राफसाठी कडा − बिंदू + 1, केलींच्याही आधी उपयोगात आली होती. गुस्ताव किर्खोफ यांनी १८४७ साली विजेच्या मंडलांचा अभ्यास करताना मंडलातली स्वतंत्र चक्रे किती, याचे हेच उत्तर दिले. बारावीच्या पुस्तकातल्या व्हीटस्टोनच्या सेतूत चार संधी असतात आणि चार रोध, गॅल्व्हनोमीटर व विद्युतघट मिळून सहा शाखा. 6 − 4 + 1 = 3, म्हणून चक्रांची स्वतंत्र समीकरणे तीनच मिळतात; चौथे मांडले तर ते आधीच्या तिघांतूनच निघते.

प्रमेयाचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र रसायनशास्त्रात आहे. रेणूतला प्रत्येक अणू हा बिंदू आणि प्रत्येक बंध ही कड. दुहेरी बंध असेल तर दोन कडा. कार्बनची संयुजा चार, हायड्रोजनची एक. आता ज्याचे रेणुसूत्र CₖH₂ₖ₊₂ आहे असा कोणताही रेणू घ्यावा. अणू k + 2k + 2, म्हणजे 3k + 2. बंध मोजायला संयुजांची बेरीज करून निम्मी करायची: कार्बनच्या 4k, हायड्रोजनच्या 2k + 2, एकूण 6k + 2, त्याचे निम्मे 3k + 1. बंध अणूंपेक्षा बरोबर एक कमी आले. रेणू म्हटला की तो जोडलेला असतोच. तेव्हा तो वृक्ष आहे, आणि म्हणून त्यात एकही वलय नाही आणि एकही दुहेरी बंध नाही. रचना न पाहता, नुसत्या सूत्रावरून हे कळले. अल्केन संयुगे संपृक्त आणि वलयरहित असतात, यामागे हीच मोजणी आहे.

जोडलेले असण्याची अट किती खरी आहे, तेही रसायनशास्त्रच दाखवते. प्रोपेन, C₃H₈, यात ११ अणू आणि १० बंध आहेत. फार तापवल्यावर प्रोपेनचा रेणू फुटतो आणि त्यातून मिथेन, CH₄, व इथिलीन, C₂H₄, मिळू शकतात. दोन्ही रेणू मिळून अणू तेच ११. बंध मिथेनचे ४, इथिलीनचे कार्बन-हायड्रोजनचे ४ आणि दुहेरी बंधाचे २, म्हणजे एकूण १०, पूर्वीइतकेच. पण आता तुकडे दोन झाले, आणि समीकरणाच्या मागणीनुसार एक कड जादा असायला हवी. ती आहेच: इथिलीनचा दुहेरी बंध. १–२–३ च्या त्रिकोणाने आणि वेगळ्या पडलेल्या ४–५–६ ने जे दाखवले, तेच इथे भट्टीत घडते.

सूत्रात हायड्रोजन कमी असला, की जादा कडा दिसू लागतात. बेंझीन, C₆H₆, यात १२ अणू. संयुजांची बेरीज ३०, म्हणजे बंध १५. 15 − 12 + 1 = 4. वलय एक आणि दुहेरी बंध तीन, असे ऑगस्ट केकुले यांनी मांडलेले चित्र या चाराला पुरते. मात्र ही चार कोणत्या रूपात आहेत, वलयाच्या की दुहेरी बंधाच्या, हे मोजणी सांगू शकत नाही. ते प्रयोगानेच ठरवावे लागते.

केलींना वृक्षांत पुढेही रस राहिला तो याच कारणाने. १८७० च्या दशकात त्यांनी अल्केनचे समघटक मोजण्यासाठी वृक्ष मोजायला घेतले. हायड्रोजन बाजूला ठेवला तर कार्बनचा सांगाडाही वृक्षच उरतो, कारण हायड्रोजन म्हणजे पाने, आणि पाने काढल्याने वृक्ष तुटत नाही. चार कार्बनचे वृक्ष दोन, सरळ साखळी आणि तीन फांद्यांचा, म्हणून ब्यूटेन दोन प्रकारचे. सहा बिंदूंचे वेगळे वृक्ष सहा आहेत, पण त्यांतल्या एकात मधल्या बिंदूला पाच कडा लागतात आणि कार्बनला चारच बंध करता येतात. म्हणून हेक्झेनचे समघटक पाच आहेत.